स्टँडर्ड कॉस्टिंग: साहित्य आणि मजुरीची तफावत कशी काढायची आणि कशी वाचायची

कॉस्टिंग विभागात नव्याने आलेल्या माणसाकडे पहिल्या महिन्यातच एक तक्ता येतो, आधी ठरवलेला खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतल्या तफावतींचा. काही आकड्यांपुढे ‘अनुकूल’ लिहिलेले असते, काहींपुढे ‘प्रतिकूल’. अनुकूल दिसले की पुढे सरकायचे आणि प्रतिकूल दिसले की संबंधित खात्याला जाब विचारायचा, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत असते. त्या तक्त्यातले आकडे मात्र एकमेकांत गुंतलेले असतात, आणि एका खात्याची अनुकूल तफावत हेच दुसऱ्या खात्याच्या प्रतिकूल तफावतीचे कारण असू शकते. इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू. हिशेब सोपा आहे, त्यामुळे खरी जागा अर्थ लावण्यासाठी ठेवली आहे.

समजा, एका कारखान्यात लॅब कोट शिवले जातात. एका कोटाचे प्रमाण असे ठरले आहे: २ मीटर कापड, मीटरला १५० रुपये दराने, म्हणजे ३०० रुपये, आणि दीड तास मजुरी, तासाला १०० रुपये दराने, म्हणजे १५० रुपये. महिन्याचे अंदाजपत्रक १,२०० कोटांचे होते, प्रत्यक्षात १,००० कोट तयार झाले. खरेदी खात्याने २,४०० मीटर कापड १३८ रुपये दराने घेतले. त्यातले २,१८० मीटर वापरले गेले आणि २२० मीटर गोदामात उरले. कामगारांना १,६८० तासांचे १,७६,००० रुपये दिले गेले. त्यातले ६० तास मशीन बंद पडल्यामुळे काम न होता गेले.

आधी प्रमाण तपासा

तफावत म्हणजे दोन आकड्यांतला फरक. त्यातला एक आकडा आपणच ठरवलेला असतो, म्हणून गणिताला हात घालण्याआधी तो कुठून आला ते विचारा. २ मीटरमध्ये कापताना पडणाऱ्या नेहमीच्या चिंध्या धरल्या आहेत का? दीड तासात दोरा बदलणे, गठ्ठे उचलणे, थोडी विश्रांती हे सगळे आले का? एकही धागा वाया न जाता, एकही क्षण न थांबता काम होईल असे गृहीत धरून बांधलेले प्रमाण कायम प्रतिकूल तफावत दाखवते, आणि दोन-तीन महिन्यांत कुणीही त्या आकड्यांकडे गांभीर्याने बघत नाही. उलट, जुन्या मशीनवरच्या वेळेवर बांधलेले प्रमाण नवे मशीन आल्यावरही तसेच ठेवले, तर काही न करता कार्यक्षमता अनुकूल येत राहते. आपल्या उदाहरणात नेहमीची नासाडी आणि विश्रांती प्रमाणात धरलेली आहे असे समजू.

प्रत्यक्ष उत्पादनावर प्रमाण बसवा

नवखे सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. अंदाजपत्रक १,२०० कोटांचे, म्हणजे कापड २,४०० मीटर आणि तास १,८००. प्रत्यक्ष वापर २,१८० मीटर आणि १,६८० तास. हे आकडे सरळ शेजारी ठेवले तर कापड २२० मीटर वाचले आणि १२० तासही वाचले, असे वाटते. प्रत्यक्षात कोट २०० कमी झाले आहेत, आणि कमी कोटांना कमी कापड लागणारच.

योग्य प्रश्न असा: जे १,००० कोट खरोखर तयार झाले त्यांना प्रमाणाप्रमाणे किती लागायला हवे होते? उत्तर २,००० मीटर आणि १,५०० तास. पुढची प्रत्येक तुलना याच दोन आकड्यांशी करायची. अंदाजपत्रकातले १,२०० कोट आता बाजूला ठेवा. ते का झाले नाहीत हा विक्री आणि नियोजनाचा वेगळा प्रश्न आहे.

साहित्याच्या दोन तफावती

पहिली किंमत तफावत. प्रमाणित दर आणि प्रत्यक्ष दर यांतला फरक घ्यायचा आणि प्रत्यक्ष मापाने गुणायचे. मीटरमागे फरक १२ रुपये. वापरलेल्या २,१८० मीटरवर तो २६,१६० रुपये होतो. प्रमाणापेक्षा कमी दर, म्हणून अनुकूल.

इथे एक निवड करावी लागते. ही तफावत खरेदीच्या वेळी मोजायची की वापराच्या वेळी? खरेदीच्या वेळी मोजली तर पूर्ण २,४०० मीटरवर २८,८०० रुपये अनुकूल येतात. व्यवहारात मला ही पद्धत बरी वाटते. दर ठरतो तो खरेदीच्या दिवशी, त्यामुळे बातमीही त्याच दिवशी कळते, आणि गोदामातला माल प्रमाणित दराने मांडला की नोंदीही सोप्या होतात. पण या पद्धतीत न वापरलेल्या २२० मीटरवरचे २,६४० रुपये याच महिन्यात अनुकूल म्हणून दिसतात, आणि ते कापड कापताना जो त्रास होईल तो पुढच्या महिन्यावर जातो. कोणतीही पद्धत घ्या, मात्र दर महिन्याला बदलू नका. खाली आपण वापराच्या वेळची पद्धत धरली आहे, कारण मग सगळे आकडे त्याच १,००० कोटांशी जोडता येतात.

दुसरी वापर तफावत. लागायला हवे होते २,००० मीटर, लागले २,१८०. जादा १८० मीटर, प्रमाणित दराने गुणून २७,००० रुपये प्रतिकूल. इथे प्रत्यक्ष दर न घेता प्रमाणित दर का? कापणी खात्याने कापड किती वापरले एवढेच आपल्याला तपासायचे आहे. दर त्यांच्या हातात नाही, म्हणून दराचा बरावाईट परिणाम त्यांच्या आकड्यात येऊ द्यायचा नाही.

आता बेरीज जुळते का बघा. १,००० कोटांच्या कापडाचा प्रमाणित खर्च ३,००,००० रुपये. प्रत्यक्ष खर्च २,१८० गुणिले १३८, म्हणजे ३,००,८४० रुपये. एकूण तफावत ८४० रुपये प्रतिकूल, आणि २६,१६० अनुकूल व २७,००० प्रतिकूल यांची वजाबाकीही तेवढीच. ही पडताळणी प्रत्येक वेळी करा. ती जुळली नाही तर बहुधा कुठेतरी वजाबाकी उलटी झालेली असते किंवा खरेदीचे आणि वापराचे माप एकमेकांत मिसळलेले असते.

तीन लाखांवर ८४० रुपये! फक्त एकूण आकडा बघणारा साहेब म्हणेल, कापडाचा खर्च अगदी चोख. सव्वीस-सत्तावीस हजारांचे दोन विरुद्ध आकडे त्याखाली झाकले गेले आहेत हे त्याला कळणारच नाही.

मजुरीच्या तीन तफावती

दर तफावतीसाठी बघायचे की १,६८० तासांना प्रमाणित दराने किती द्यावे लागले असते. १,६८,००० रुपये. दिले १,७६,०००. फरक ८,००० रुपये, प्रतिकूल. वेगवेगळ्या दरांनी मजुरी दिली असेल तेव्हा सरासरी दर काढत बसू नका, कारण तो अपूर्णांकात येतो आणि उगाच चुका होतात. एकूण रकमेवरून काढणे सोपे.

मग रिकाम्या वेळेची तफावत. ६० तास, १०० रुपये दराने, ६,००० रुपये प्रतिकूल. हे वेगळे काढणे गरजेचे आहे. तसे केले नाही तर मशीन बंद असताना बसून राहिलेले तास कामगारांच्या अकार्यक्षमतेत धरले जातात, आणि देखभाल खात्याचा प्रश्न शिवण खात्याच्या माथी बसतो. ही असामान्य तफावत आहे. रोजच्या छोट्या थांब्यांसाठीचा वेळ प्रमाणात आधीच धरलेला असतो, तो इथे पुन्हा घ्यायचा नाही.

शेवटी कार्यक्षमता तफावत. खरोखर काम झालेले तास १,६२०, लागायला हवे होते १,५००. जादा १२० तास, प्रमाणित दराने १२,००० रुपये प्रतिकूल. तिन्हींची बेरीज २६,००० रुपये. प्रमाणित मजुरी १,५०,००० आणि प्रत्यक्ष १,७६,००० यांतला फरकही तेवढाच.

| तफावत | रुपये | दिशा |
|---|---|---|
| साहित्य किंमत | २६,१६० | अनुकूल |
| साहित्य वापर | २७,००० | प्रतिकूल |
| मजुरी दर | ८,००० | प्रतिकूल |
| रिकामा वेळ | ६,००० | प्रतिकूल |
| मजुरी कार्यक्षमता | १२,००० | प्रतिकूल |

तक्ता हातात आला, आता काय वाचायचे?

पाचांपैकी एकच अनुकूल, आणि ती खरेदी खात्याची. वरवर वाचले तर खरेदीवाल्यांनी कमावले आणि कारखान्याने घालवले. पण तक्ता फक्त कुठे बघायचे ते सांगतो. कारण कागदावर सापडत नाही, त्यासाठी कापणीच्या टेबलापर्यंत जावे लागते.

तिथे कटिंग मास्तरला विचारले तर पहिली गोष्ट कळते ती पन्ह्याची. प्रमाण ठरवताना ५८ इंच पन्ह्याचे कापड धरले होते, या वेळी आले ते साडेचौपन्न इंचांचे. अरुंद पन्ह्यावर कोटाचे भाग पूर्वीसारखे शेजारी-शेजारी बसत नाहीत. मार्कर, म्हणजे कापडावर भाग बसवण्याचा आराखडा, नव्याने मांडावा लागतो, आणि तसा मांडल्यावर एका कोटाला २.१३ मीटर लागले. म्हणजे १,००० कोटांना १३० मीटर जादा, तेही कुणाच्याही हलगर्जीपणाशिवाय. कापणीच्या नोंदवहीत आणखी ४० मीटर विणीतले दोष आणि डाग म्हणून काढून टाकलेले दिसतात. उरलेले १० मीटर मात्र कापणीची साधी चूक. थोडक्यात, १८० पैकी १७० मीटर या कापडामुळेच गेले.

शिवण विभागाच्या वेळपत्रकांतही तेच कापड दिसते. जादा १२० तासांपैकी ८५ तास दोष असलेले भाग बदलणे, उसवणे आणि पुन्हा शिवणे यात गेले. राहिलेले ३५ तास दोन नव्या कामगारांचा हात बसायला लागले. ते या कापडाशी संबंधित नाहीत, आणि पुढच्या महिन्यात आपोआप कमी व्हायला हवेत. झाले नाहीत तर मग चौकशी करावी.

आता या एका खरेदी निर्णयाचा हिशेब एकत्र मांडा. दरात वाचले २६,१६० रुपये. कापडामुळे वाढलेला वापर १७० मीटर, म्हणजे २५,५०० रुपये. साहित्यात निव्वळ बचत उरली ६६० रुपयांची. आणि त्या ६६० रुपयांपायी ८५ तासांची मजुरी, ८,५०० रुपये, जादा गेली. स्वस्त कापड महाग पडले, आणि ओव्हरटाइम अजून यात धरलेलाच नाही.

ओव्हरटाइमकडे थोडे थांबून बघू. कारखान्याचे नेहमीचे तास १,६०० होते. वरच्या ८० तासांना दुप्पट दर द्यावा लागला, आणि ८,००० रुपयांची दर तफावत पूर्णपणे तिथूनच आली. कुणाची पगारवाढ झाली नाही, की महागडे कारागीर कामाला लावले गेले नाहीत. मग ‘दर’ या नावाखालच्या तफावतीची जबाबदारी मनुष्यबळ खात्यावर टाकण्यात अर्थ नाही. पुन्हा शिवण्याचे ८५ तास लागले नसते तर एकूण तास १,५९५ झाले असते आणि ओव्हरटाइम करावाच लागला नसता. दुसरीकडे, मशीन बंद पडले नसते तरी तास १,६२० वर आले असते आणि ओव्हरटाइम फक्त २० तासांचा, म्हणजे जादा २,००० रुपयांचाच उरला असता. दोन्ही कारणांनी एकाच ओव्हरटाइमवर हक्क सांगितला आहे. ८,००० रुपये दोघांत काटेकोर वाटण्याची कोणतीही निर्विवाद पद्धत नाही. अहवालात तसेच लिहावे: दोन्ही घटना एकत्र आल्यामुळे हा खर्च झाला. ठरावीक टक्केवारीने वाटून टाकलेला आकडा नेमका दिसतो, पण बैठकीत त्यावरूनच तासभर वाद होतो.

अनुकूल आकड्यांवर संशय कधी घ्यावा?

अनुकूल म्हणजे खर्च प्रमाणापेक्षा कमी झाला, एवढेच. किंमत तफावत अनुकूल असेल तर तिच्या शेजारी वापर तफावत, कार्यक्षमता आणि ग्राहकांकडून परत आलेला माल ठेवून बघा. दर मोठ्या ऑर्डरमुळे कमी मिळाला असेल तर गोदामात माल किती महिने पडून राहणार आहे तेही बघा, कारण साठ्यात अडकलेल्या पैशाचा खर्च या तफावतीत कुठेच दिसत नाही.

मजुरीचा दर अनुकूल आणि कार्यक्षमता प्रतिकूल ही जोडी दिसली की कमी अनुभवाचे कामगार अवघड कामावर लावले गेले का हे विचारा. उलटी जोडी, दर प्रतिकूल आणि कार्यक्षमता अनुकूल, बऱ्याचदा कुशल हात लावल्याची खूण असते, आणि दोन्ही मिळून फायदा होत असेल तर प्रतिकूल दराबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

कार्यक्षमता अचानक फार अनुकूल आली तर मी आधी तपासणीची नोंद बघेन. एखादी पायरी गाळून वेळ वाचवता येतो. शिवाय कामगारांना महिन्याचा ठरलेला पगार असेल, तर वाचलेले तास कागदावर अनुकूल दिसतात पण खिशातून जाणारे पैसे तेवढेच राहतात. त्या तासांत विकले जाईल असे काही तयार झाले तरच फायदा. गोदामात पडून राहणारे जादा कोट शिवूनही हा आकडा छान दिसू शकतो.

प्रमाणच चुकलेले असेल तर

कधी कधी खरेदीचा दोष नसतो आणि श्रेयही नसते. समजा, आपल्या महिन्यात ठरलेल्या प्रतीच्या कापडाचाच बाजारभाव उतरून १४० रुपये झाला होता. मग १५० चे प्रमाण शिळे झाले. १२ रुपयांच्या फरकातले १० रुपये बाजारामुळे आले, ते २१,८०० रुपये नियोजनाची तफावत म्हणून वेगळे दाखवावेत. खरेदी खात्याच्या कामगिरीत राहतात मीटरमागे २ रुपये, म्हणजे ४,३६० रुपये, आणि तेही कमी प्रतीचे कापड घेऊन. भाव चढलेला असेल तेव्हाही हीच विभागणी करायची. नाहीतर दर महिन्याला खरेदी खात्याला बाजाराबद्दल जाब द्यावा लागतो.

मात्र ही पळवाट होऊ देऊ नका. प्रतिकूल तफावत आली की ‘प्रमाणच चुकीचे होते’ असे म्हणणे फार सोपे असते. प्रमाण बदलण्यासाठी बाहेरचा पुरावा हवा: प्रसिद्ध झालेला बाजारभाव, पुरवठादारांची दरपत्रके, नव्या मशीनवर मोजलेली वेळ.

प्रत्येक आकड्याच्या मागे धावण्याचीही गरज नाही. एक मर्यादा ठरवा, रकमेची आणि टक्केवारीची, आणि तिच्या आतला चढउतार सोडून द्या. त्याला एक अपवाद. मर्यादेत असूनही चार महिने सलग एकाच दिशेला सरकणारी छोटी तफावत बघायलाच हवी, कारण योगायोगाने होणारा चढउतार सहसा दोन्ही बाजूंना होतो. मर्यादा लावताना प्रत्येक तफावत स्वतंत्रपणे तपासा. एकूण बेरजेला लावली तर आपले ८४० रुपये कुणाच्या नजरेसही पडणार नाहीत.

अहवालात काय लिहायचे

तक्त्याखाली चार-पाच ओळी पुरतात, पण त्यांत घटना, रक्कम आणि पुढची कृती तिन्ही हवीत. आपल्या महिन्यासाठी मी असे लिहीन:

‘अरुंद पन्ह्याचे, दोष असलेले कापड १३८ रुपयांनी घेतल्याने दरात २६,१६० रुपये वाचले, पण त्यामुळे वापरात २५,५०० आणि पुन्हा शिवण्यात ८,५०० रुपये जादा गेले. निव्वळ तोटा ७,८४० रुपये. ओव्हरटाइमचा ८,००० रुपयांचा जादा खर्च हे पुन्हा शिवणे आणि ६० तासांची मशीनबंदी या दोन्हींमुळे लागला. मशीनबंदीचे कारण देखभाल खात्याने कळवावे. कापणीची चूक १० मीटर, रक्कम १,५०० रुपये, मर्यादेत. नव्या कामगारांचे ३५ तास पुढच्या महिन्यात पुन्हा तपासावेत. यापुढे कापडाच्या ऑर्डरवर पन्हा आणि दोषांची कमाल मर्यादा लिहावी. शिल्लक २२० मीटर त्याच कापडाचे आहे. ते कापणीला घेताना मार्कर २.१३ मीटरचा धरावा आणि त्याचा जादा वापर कापणी खात्याच्या नावावर टाकू नये.’